मुलाखत साडेअकराला, विमान अजून दिल्लीत: ‘यावं की नाही’ विचारणाऱ्या मेलची गोष्ट

संक्रांतीच्या आदल्या दिवशी, १३ जानेवारीला, इंदूरमधल्या एका विद्यापीठात माझी सहायक प्राध्यापकपदाची मुलाखत होती. तिथे मी जवळजवळ अडीच तास उशिरा पोहोचले. पोहोचेपर्यंत तीन मेल लिहिले. त्यातला एक फुकट गेला, एक चुकीचा निघाला आणि एक कामी आला. त्या सकाळी पुण्याच्या विमानतळावर बसून मी ‘पॅनलला मेल कसा लिहावा’ हे शोधत होते, तेव्हा नमुने भरपूर मिळाले, पण सगळे गुळगुळीत. कोणाला लिहायचं, किती वाजता लिहायचं, वेळ कशी काढायची, हे कुणीच सांगत नव्हतं. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

मी मूळची इंदूरची, माहेर रामबागेत. सध्या पुण्यात पोस्टडॉक करते. मुलाखतीचं पत्र २६ डिसेंबरला आलं: रिपोर्टिंग १०:००, कागदपत्रांची तपासणी, मग मुलाखत ११:३० वाजता, त्यात दहा मिनिटं फळ्यावर शिकवून दाखवायचं. मूळ प्रमाणपत्रं, स्वसाक्षांकित प्रतींचा एक संच, सध्याच्या संस्थेचं ना-हरकत प्रमाणपत्र. प्रवासभत्ता रेल्वेच्या थ्री-टायर एसीच्या भाड्याइतका, तिकीट जोडल्यास. शेवटी बारीक अक्षरात अकरा सूचना. त्यातली नववी मी तेव्हा वाचली नाही. ती पुढे येईलच.

आदल्या दिवशी रविवारी मला पुण्यात एका परीक्षेची ड्यूटी होती, संध्याकाळी सहापर्यंत. रात्रीची स्लीपर बस तेराशे रुपयांत मिळत होती, पण बिजासन घाटात ट्रक अडकला की तीन-चार तासांची नि‌श्चिती, हे इंदूर-पुणे करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. म्हणून मी शहाणपणा करून ५,२०० रुपयांचं सकाळचं विमान घेतलं. ६:५० ला पुण्याहून सुटणार, ८:०५ ला इंदूर. बाबा गाडी घेऊन येणार, घरी पोहे खाऊन, साडी बदलून दहाच्या आत खंडवा रोडवर, विद्यापीठात. दोन तासांची सूट ठेवली होती. जानेवारीत उत्तरेकडून येणाऱ्या विमानावर भरवसा ठेवायचा असेल तर दोन तास म्हणजे काहीच नाही, हे आता कळतंय.

५:१० ला टॅक्सीत असताना एसएमएस आला: विमान ८:१० ला सुटेल, कारण येणारं विमान उशिरा. मी मनात हिशेब केला. ८:१० ला सुटलं तर ९:२५ ला इंदूर, घरी न जाता थेट गेले तर साडेदहापर्यंत पोहोचते. रिपोर्टिंगला अर्धा तास उशीर, मुलाखतीला नाही. सिक्युरिटी पार करून गेटपाशी बसले आणि ६:१५ ला पहिला मेल पाठवला.

तो मेल आज वाचताना लाज वाटते. सुरुवातच अशी होती: ‘आपला अमूल्य वेळ घेतल्याबद्दल मनःपूर्वक क्षमा मागते.’ पुढे दोन परिच्छेदांत मी बस न घेता विमान का घेतलं, रविवारी ड्यूटी कशी होती, ही नोकरी माझ्यासाठी किती महत्त्वाची आहे, इंदूर माझं माहेर कसं आहे. क्षमा एकूण पाच वेळा. आणि या सगळ्याच्या पोटात कुठेतरी एक वाक्य: ‘मी अंदाजे १०:३० पर्यंत पोहोचेन.’ खाली सहानुभूतीपूर्वक विचार करण्याची विनंती.

पाठवला आणि एका मिनिटात परत आला. मुलाखतीचं पत्र ज्या पत्त्यावरून आलं होतं तो फक्त पाठवण्यासाठीचा पत्ता होता, तिथे आलेला मेल कुणी घेतच नाही. तेव्हा पत्र उघडून नववी सूचना वाचली: ‘कोणत्याही पत्रव्यवहारासाठी खालील पत्त्यावर संपर्क साधावा.’ भरतीचा वेगळा मेल आणि ०७३१ ने सुरू होणारा एक लँडलाइन नंबर. त्या पत्त्यावर तोच मेल पुन्हा पाठवला. तुम्हाला पत्र आलं असेल तर आत्ताच हा पत्ता आणि नंबर फोनमध्ये सेव्ह करून ठेवा. विमानतळावर झूम करून पीडीएफ वाचताना हात थरथरत असतात.

लँडलाइन लावला. वाजत राहिला. सकाळचे साडेसहा, कोण उचलणार.

सात वाजता बोर्डावर अजूनही ८:१० होतं. शेजारी एक गृहस्थ बसले होते, औषध कंपनीत फिरतीवर असतात, त्यांनी सहज विचारलं, “तुमचं विमान आलंय का पण?” मी म्हटलं, आठ दहाला सुटणार म्हणतायत. ते म्हणाले, “बोर्ड सोडा हो. विमान कुठे आहे ते बघा.” त्यांनी त्यांच्या फोनवर विमानांचा माग काढणारं ॲप उघडून दाखवलं. आमचं विमान दिल्लीहून पुण्याला येऊन मग इंदूरला जाणार होतं. ते दिल्लीतच उभं होतं. दिल्लीत धुकं.

या क्षणी मला कळलं की माझा पहिला मेल खोटा ठरलाय. मुद्दाम नाही, पण खोटाच. सात वाजता दिल्लीत उभं असलेलं विमान ८:१० ला पुण्याहून सुटूच शकत नाही. दिल्ली-पुणे दोन तासांचा प्रवास आहे. मग बोर्ड ८:१० का दाखवत होता? विमान कंपनीला दिल्लीचं धुकं कधी उठेल ते माहीत नसतं, म्हणून ती वेळ थोडी थोडी पुढे ढकलत राहते. ८:१० चं ९:०० झालं, ९:०० चं ९:४५, मग १०:३०. दर वेळी वाटतं, हे शेवटचं. मी बोर्डावरच्या वेळेवर मेल लिहीत राहिले असते तर चार मेल गेले असते, आणि चारही चुकीचे. तिकडे बसलेल्या माणसाला चौथ्यावर कशाला विश्वास वाटेल?

साडेआठला मी काकांना फोन केला. काका तीस वर्षं एका विद्यापीठाच्या आस्थापना विभागात होते, आता निवृत्त. निवड समित्यांच्या फाइली त्यांनी इतक्या केल्यात की त्यांना त्या पाठ आहेत. ते पोहे खात होते, मागे काकूंचा आवाज, उद्याच्या गुळपोळ्यांचं काहीतरी चाललं होतं.

“काका, माझं विमान लेट आहे. त्यांना दुसरी तारीख मागू का?”

“मागून काय उपयोग आहे अगं,” ते म्हणाले. “दुसरी तारीख त्यांच्या हातात नसते.”

मग त्यांनी जे सांगितलं ते मला कुठल्याही नमुना-मेलमध्ये मिळालं नव्हतं. विद्यापीठातल्या निवड समितीत कुलगुरू किंवा त्यांचा प्रतिनिधी, अधिष्ठाता, विभागप्रमुख असतात आणि बाहेरून बोलावलेले विषयतज्ज्ञ असतात. यूजीसीच्या २०१८ च्या विनियमांप्रमाणे गणसंख्येला किमान चार सदस्य लागतात आणि त्यात दोन बाहेरचे विषयतज्ज्ञ असावेच लागतात. हे तज्ज्ञ दुसऱ्या गावांतून आलेले असतात, त्यांची परतीची तिकिटं काढलेली असतात. शिवाय बैठकीच्या त्याच दिवशी, किंवा बैठक अनेक दिवस चालली तर शेवटच्या दिवशी, गुणतक्ता आणि शिफारस लिहून सगळ्यांच्या सह्या व्हाव्या लागतात. “एकदा सह्या झाल्या की ब्रह्मदेव आला तरी कुणी तुझ्यासाठी ते उघडणार नाही,” काका म्हणाले. “पण सह्या व्हायच्या आधी तू दारात उभी असलीस तर बहुतेक घेतात. शेवटची ठेवतात. आलेल्या उमेदवाराला बाहेर ठेवून पुढे कोर्टकचेरी नको, असं त्यांनाही वाटतं.”

“म्हणजे मी काय लिहू?”

“तुझ्या स्लॉटचं विसर. तो गेला. समिती किती वाजेपर्यंत बसणार आहे ते विचार, आणि तू किती वाजता पोहोचतेस ते खरं सांग. येऊ की नको, एवढंच. बाकी त्यांना तुझी दया येऊन उपयोग नाही, त्यांना वेळ पाहिजे.”

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली ती मला सोन्याची वाटली. समितीतली माणसं मेल बघत नाहीत; ती आत बसलेली असतात, फोन बाजूला. मेल बघतो बाहेरच्या टेबलावरचा सहायक, आणि तो दहाला येतो. त्याने प्रिंट काढून आत नेला तर तो समितीपर्यंत पोहोचतो. म्हणजे मेल त्या सहायकाने एका नजरेत वाचून, आत नेऊन, एका वाक्यात विचारता येईल असा हवा. मी मेल लिहीत होते समितीच्या अध्यक्षांना, पण वाचणार होता पंधरा फायली समोर घेऊन बसलेला माणूस.

८:५५ ला ॲपवर विमान दिल्लीहून उडालं. आता पहिल्यांदा हिशेबाला काहीतरी पक्कं मिळालं. बोर्डिंग पासच्या मागे मी तो मांडला. ८:५५ ला निघालं, पुण्यात अकराच्या सुमारास. प्रवासी उतरणं, साफसफाई, इंधन, आम्ही चढणं, यात पाऊण तास धरला, म्हणजे पावणेबारा. सवा तास प्रवास, इंदूरला एक वाजता. फक्त हातातली बॅग होती, म्हणून बाहेर यायला पंधरा मिनिटं. विमानतळ ते खंडवा रोड पाऊण तास. म्हणजे दोन. त्यावर पंधरा मिनिटं वरकड. बोर्ड तेव्हा १०:३० दाखवत होता. मी बोर्डाकडे बघायचं सोडून दिलं.

९:०५ ला दुसरा मेल पाठवला. अर्थात तो इंग्रजीत होता. इथे मराठीत देतेय, शब्दशः नाही पण वाक्यं तितकीच आणि त्याच क्रमाने.

‘विषय: आजची मुलाखत (स. प्राध्यापक, ११:३०), अर्ज क्रमांक अमुक: विमान उशिरा, दुपारी २ ला पोहोचेन. यावे की नाही, कृपया कळवावे.

महोदय,

आज ११:३० वाजता माझी मुलाखत आहे. पुण्याहून इंदूरला येणारे माझे विमान धुक्यामुळे उशिरा आहे. ते आता पावणेबाराच्या सुमारास सुटेल. मी विद्यापीठात दुपारी २:०० वाजता, उशिरात उशिरा २:१५ वाजता पोहोचेन. सकाळी ६:१५ च्या मेलमध्ये मी १०:३० ही वेळ कळवली होती. ती चुकीची होती, कृपया रद्द समजावी.

या उशिराबद्दल मी समितीची क्षमा मागते.

समिती दुपारी २:१५ नंतरही बसणार असल्यास मला शेवटी बोलावता येईल का? ते शक्य नसल्यास ११:३० लाच मी विमानतळावरून ऑनलाइन हजर राहू शकते, पण ११:३० ते १:०० मध्ये विमानात चढणे-उतरणे असल्याने त्यासाठी मला ११ च्या आत कळावे लागेल. दोन्ही शक्य नसल्यास तसे कळवावे, मी येणार नाही.

आपल्याकडून काही न कळल्यास मी येत आहे असे समजावे. विमान कंपनीचा एसएमएस आणि तिकीट सोबत जोडले आहे. माझा मोबाइल नंबर खाली आहे.’

इतकंच. नाव, अर्ज क्रमांक पुन्हा, नंबर.

या मेलवर मी जवळजवळ वीस मिनिटं घालवली होती, त्यातली पंधरा मिनिटं वाक्यं खोडण्यातच गेली. ड्यूटीची गोष्ट गेली, माहेर गेलं, बिजासन घाट गेला. विमान कंपनीवरचा राग पहिल्या कच्च्या खरड्यात होता, तोही गेला. सहायकाला त्याचं काय करायचं? ‘अपरिहार्य कारणामुळे’ असं लिहिलं होतं, ते खोडून ‘धुक्यामुळे’ केलं, कारण अपरिहार्य म्हटलं की वाचणाऱ्याला वाटतं काहीतरी लपवतायत. आणि ‘शक्य तितक्या लवकर पोहोचेन’ हे वाक्य तर पहिल्या झटक्यात खोडलं. त्याने आत जाऊन काय विचारायचं? “साहेब, एक मॅडम शक्य तितक्या लवकर येतायत”?

ऑनलाइनचा पर्याय मात्र मी थोडा घाबरतच घातला होता. फळ्यावर शिकवून दाखवायचं होतं आणि माझ्यापाशी विमानतळाचं वाय-फाय आणि एक वही होती. पण पर्याय दिला नाही तर ‘नाही’ म्हणणं सोपं होतं. खरं तर तो ऑनलाइनचा मुद्दा तितका धड नव्हता. ११:३० ला मी बोर्डिंगच्या रांगेतही असू शकत होते. दुसऱ्यांदा लिहायचं झालं तर मी ‘११ च्या आधी कधीही’ असं लिहीन.

‘येणार नाही’ या वाक्याबद्दल एक कबुली. माझ्यासाठी ते तसं खोटंच होतं. दुसऱ्या दिवशी संक्रांत, आईच्या गुळपोळ्या आणि गल्लीत गिल्ली-दांडू, मी इंदूरला जाणारच होते. पण तुमचं तिथे कुणी नसेल तर हा प्रश्न खरा आहे, आणि त्याचं उत्तर बोर्डिंगच्या आधी मिळायला हवं. सिक्युरिटी पार केल्यावर परत फिरायचं म्हणजे कंपनीच्या माणसाला सांगून ऑफलोड करून घ्यावं लागतं, आणि बॅग चेक-इन केली असेल तर ती उतरवून घ्यायची भानगड वेगळी. म्हणून मेलमध्ये किती वाजेपर्यंत उत्तर हवं ते लिहा.

९:४५ ला गेटवर उपमा आणि चहा वाटला. छोट्या उड्डाणाला दोन तासांहून जास्त उशीर झाला की खाणंपिणं द्यावं लागतं, विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या डीजीसीएचा तसा नियम आहे. काही लोक काउंटरवर परतावा मागत होते, पण पूर्ण परतावा किंवा दुसऱ्या विमानाचा पर्याय कंपनीला द्यावा लागतो तो उशीर सहा तासांवर गेला तर. आमचा पाच तासांतच आटोपणार होता. मी उपमा खाल्ला. चहाची साखर जास्त होती, पण त्या दिवशी बरी वाटली.

१०:०५ ला परत लँडलाइन लावला. तिसऱ्या वेळी उचलला गेला. तिकडून अस्सल इंदुरी आवाज: “हाँ जी, बोलिए.” मी नाव आणि अर्ज क्रमांक सांगितला, म्हटलं, मेल केला आहे, धुक्यामुळे विमान लेट आहे, दोन वाजता पोहोचेन. कागद सरकवल्याचा आवाज आला. “मॅडम, दो मेल हैं आपके. कौन सा सही है?” मी म्हटलं, नौ बजे वाला. “ठीक है. अंदर पूछ के जवाब देता हूँ. आप घबराओ मत.” फोन चाळीस सेकंदांचा.

दोन मेल असण्याचा त्रास इथे दिसला. पहिला पाठवलाच नसता तर हा प्रश्न आला नसता. विमान सुटलंय हे कळेपर्यंत थांबून एकच मेल करायचा, की लगेच करायचा? मी दोन्ही बाजूंनी विचार केलाय. लगेच कळवणं बरोबरच, पण त्या मेलमध्ये पोहोचण्याची वेळ घालायची नाही. ‘विमान उशिरा आहे, नक्की वेळ ९:३० पर्यंत कळवते’ एवढं पुरलं असतं.

१०:४० ला उत्तर आलं. दोन ओळी. ‘यावे. आपली मुलाखत शेवटी घेतली जाईल. २:३० पर्यंत हजर न झाल्यास अनुपस्थित समजण्यात येईल.’ समितीने तीनपर्यंत आटोपायचं ठरवलं असणार. म्हणजे माझ्या २:१५ ला पंधरा मिनिटांचा श्वास होता. मी ‘मिळाले, धन्यवाद, येत आहे’ इतकंच उत्तर पाठवलं आणि बाबांना कळवलं.

विमान पुण्यात ११:०२ ला उतरलं. ११:५२ ला आम्ही सुटलो. माझ्या हिशेबापेक्षा सात मिनिटं उशिरा. विमानात मी शिकवायचा दहा मिनिटांचा भाग तीनदा मनात म्हटला आणि चौथ्या वेळी मधलं एक समीकरण आठवेना. वही बाहेर काढली. शेजारच्या काकू तिळाच्या लाडवांचा डबा उघडून बसल्या होत्या, त्यांनी एक माझ्या वहीवर ठेवला. इंदूरला १:०१ ला उतरलो.

बाबा बाहेर उभे होते. एरवी ते विमानतळावरून राजवाड्याकडून घरी जातात, पण त्यांनी सकाळीच ठरवून ठेवलं होतं: कालानी नगर, बडा गणपती, मग गंगवाल बसस्टँडकडून महू नाका, तिथून भंवरकुआँ आणि खंडवा रोड. राजवाड्याच्या बाजूला संक्रांतीची खरेदी, त्यात अडकलं की संपलं. वाटेत विजेच्या तारांवर पतंग लटकलेले. मी गाडीतच वेणी नीट केली. साडी घरीच राहिली. विमानात घातलेल्या कुर्त्यावरच गेले. हातातल्या बॅगेत इस्त्री केलेला एक कपडा ठेवायला हवा होता. सगळे कपडे घरी ठेवून मी पुण्याहून मोकळी आले, ही माझी सगळ्यात मूर्ख बचत.

१:५८ ला आस्थापना विभागात. फोनवरचे तेच गृहस्थ, चष्मा कपाळावर. त्यांनी हजेरीच्या रजिस्टरमध्ये माझ्या नावापुढे सही घेतली आणि शेरा लिहिला: ‘दु. २:०० वा. हजर. विमान विलंब, मेल दि. १३/१.’ फाइलमध्ये माझ्या मेलची प्रिंट टाचलेली दिसली. त्यात फक्त एका ओळीखाली लाल पेनाने रेघ होती: ‘उशिरात उशिरा २:१५’. बाकी सगळा मेल कोरा. माझी क्षमा, माझे पर्याय, जोडलेला एसएमएस, कशालाही पेन लागला नव्हता. ती रेघ पाहून मला त्या वीस मिनिटांचं बरं वाटलं आणि थोडं हसूही आलं.

कागदपत्रांची तपासणी दहा मिनिटांत आटोपली. ना-हरकत प्रमाणपत्रावर तारीख नव्हती, त्यावर ‘नंतर सादर करावे’ असा शिक्का बसला. ही चूक मात्र विमानाची नव्हती.

२:२५ ला आत गेले. पाच जण. मी एकच वाक्य बोलले: उशिराबद्दल क्षमा करावी, थांबल्याबद्दल आभार. अध्यक्षांनी हात हलवून फळा दाखवला. विमानाबद्दल कुणी काहीच विचारलं नाही. बाहेरून आलेल्या एका तज्ज्ञांची बॅग खुर्चीशेजारी तयार होती आणि ते दोनदा घड्याळाकडे बघून झाले होते, म्हणून मी शिकवण्याचा भाग दहाऐवजी सात मिनिटांत संपवला. विमानात हुकलेलं समीकरण फळ्यावर बरोबर आलं. प्रश्न पाच-सहा, एकाचं उत्तर मला आलं नाही आणि मी ‘माहीत नाही’ म्हटलं. चौदा मिनिटांत बाहेर.

बाहेर बाकावर बसले होते तेव्हा आतून खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. पाच मिनिटांत ते सहायक गुणतक्त्याचे कागद घेऊन आत गेले, सह्यांसाठी. भिंतीवरच्या घड्याळात २:४५ झाले होते.

घरी पोहोचल्यावर काकांना फोन केला. ते म्हणाले, “सह्या झाल्या का?” मी म्हटलं, माझ्यानंतर लगेच. “मग बरं झालं,” म्हणाले, आणि फोन काकूंकडे दिला, कारण तिकडे तिळगूळ वळायचा चालला होता.

दुसऱ्या दिवशी विमान कंपनीच्या संकेतस्थळावर पीएनआर टाकून उशिराचं प्रमाणपत्र मागवलं. एक दिवसाने मेलवर आलं, एक पानी, तारीख, ठरलेली वेळ, प्रत्यक्ष वेळ. मी ते दोन ठिकाणी वापरलं. एक प्रत भरती विभागाला मूळ मेलच्याच धाग्यात पाठवली, फाइलसाठी. दुसरी प्रवासभत्त्याच्या बिलाला जोडली, कारण बिलावर हरकत आली होती की तिकिटावर सकाळची वेळ आहे आणि हजेरी दुपारची. बोर्डिंग पास, तिकीट आणि हे प्रमाणपत्र तिन्ही जोडल्यावर हरकत निघाली. बोर्डिंग पास फेकू नका. माझ्या पासच्या मागे तो हिशेब होता, ८:५५ पासून २:१५ पर्यंत, आणि बिलासोबत तो तसाच गेला.

निकाल फेब्रुवारीच्या शेवटी लागला. मी प्रतीक्षायादीत दुसरी आहे. भत्त्याचे पैसे मार्चमध्ये आले, थ्री-टायरच्या भाड्याइतके, म्हणजे विमानाच्या तिकिटापेक्षा बरेच कमी. बाबांनी पेट्रोलचे मागितले नाहीत.